एकच हॉटेल, एकच तारीख आणि दोन बहिणींचे दोन वेगळे रिफंड

कार्डाच्या तक्रारी हाताळण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. परदेशातलं हॉटेल रद्द केलं आणि पैसे कमी परत आले, ही तक्रार त्यात नेहमीची. बहुतेक वेळा माणूस हॉटेलवर चिडलेला असतो, आणि बहुतेक वेळा हॉटेलने एक पैसाही ठेवून घेतलेला नसतो. पुढचं प्रकरण मी निवडलं कारण त्यात दोन सख्ख्या बहिणींनी एकाच संध्याकाळी, एकाच साइटवर, एकाच हॉटेलात सारख्याच खोल्या घेतल्या आणि एकाच दिवशी रद्द केल्या. फरक एवढाच होता की एकीने पैसे रुपयांत भरले, दुसरीने युरोत. त्यामुळे चलनाच्या निवडीने नेमकं काय होतं ते इथे स्वच्छ दिसतं.

नावं बदलली आहेत. समजायला सोपं जावं म्हणून रकमा आणि दर गोल केले आहेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण तसंच ठेवलं आहे.

## पार्श्वभूमी

वर्षाताई नाशिकला राहतात, धाकटी मृणाल ठाण्याला. दोन्ही कुटुंबांनी मे महिन्याच्या सुट्टीत व्हिएन्नाला जायचं ठरवलं. फेब्रुवारीत एका मोठ्या बुकिंग साइटवर दोघींना पसंत पडेल असं हॉटेल सापडलं. पाच रात्री, प्रत्येकी एक फॅमिली रूम. आत्ता पैसे भरले तर १,००० युरो आणि हॉटेलवर पोचल्यावर भरले तर १,०४०. दोन्ही प्रकारांत मुक्कामाच्या एक आठवडा आधीपर्यंत पूर्ण रक्कम परत मिळणार होती.

चाळीस युरो म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त रुपये. दोघींनी आत्ताच भरायचं ठरवलं. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही. जायचं पक्कं होतं, व्हिसाच्या अर्जाला बुकिंग लागणारच होतं आणि रद्द करायची सोयही होती.

वर्षाताईंनी फोनवरच्या ॲपवरून बुकिंग केलं. ॲपमध्ये देश भारत आणि चलन रुपये असं आधीपासूनच होतं. शेवटच्या पानावर रक्कम ९४,८०० रुपये दिसली आणि त्यांनी तेवढेच भरले. मृणालने लॅपटॉपवरून केलं. तिच्याही पानावर रुपयेच निवडलेले होते, पण शेजारी युरोत पैसे देण्याचा पर्याय होता. तिच्या नवऱ्याने ऑफिसात ऐकलं होतं की परदेशात कार्ड वापरताना नेहमी तिथल्याच चलनात पैसे द्यावेत, रुपये निवडले की जास्त कापतात. तिने युरो निवडले.

दोघींची कार्डं वेगवेगळ्या बँकांची होती, पण अटी सारख्या. परकीय चलनातल्या खर्चावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याबद्दल बँक वर घेते ते शुल्क, आणि त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी. शिवाय परदेशात नोंदलेल्या व्यापाऱ्याने रुपयांत रक्कम आकारली तर एक टक्का वेगळं शुल्क आणि त्यावरही जीएसटी. हे दुसरं शुल्क बऱ्याच भारतीय बँका लावतात, आणि ते बहुतेकांच्या गावीही नसतं.

## कार्डावर प्रत्यक्षात किती लागले

त्या दिवशी कार्ड नेटवर्कचा दर एका युरोला ९२ रुपये होता. इथे नेटवर्क म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड. युरोतला खर्च रुपयांत बदलण्याचं काम त्यांच्या दराने होतं आणि तो दर दोघांच्याही संकेतस्थळावर रोज कुणालाही पाहता येतो. बँक त्यावर आपला मार्कअप चढवते.

मृणालच्या बिलात ९२,००० रुपयांचा मूळ खर्च, ३,२२० रुपये मार्कअप आणि सुमारे ५८० रुपये जीएसटी आला. एकूण ९५,८००.

वर्षाताईंच्या बाबतीत दर बदलण्याचं काम साइटनेच केलं होतं. साइटने युरो ९४.८० रुपयांनी धरला, म्हणजे नेटवर्कच्या दरापेक्षा तीन टक्के महाग. हे तीन टक्के पावतीवर कुठेही शुल्क म्हणून लिहिलेले नसतात, ते दरातच मुरलेले असतात. बँकेच्या दृष्टीने हा रुपयांतला व्यवहार होता, त्यामुळे साडेतीन टक्क्यांचा प्रश्नच आला नाही. मात्र साइटची ज्या कंपनीमार्फत वसुली झाली ती युरोपात नोंदलेली होती, म्हणून एक टक्का शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,११९ रुपये लागले. एकूण ९५,९१९.

म्हणजे खरेदीच्या दिवशी दोघींमध्ये फरक होता फक्त ११९ रुपयांचा. नवऱ्याचा सल्ला खरा ठरला होता, पण त्याचा फायदा एका साध्या जेवणाइतकाही नव्हता.

रुपयांत भरूनही शुल्क का लागलं, हे वर्षाताईंना बिल येईपर्यंत कळलं नव्हतं. ते आधी ओळखायच्या दोन खुणा आहेत. पैसे भरताना ओटीपी मागितलाच नाही, तर व्यवहार बहुधा परदेशी बँकेमार्फत चालला आहे, कारण भारतातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराला सहसा दुसरी पडताळणी लागते. आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर बंद असताना रुपयांतला व्यवहार नाकारला गेला, तर समोरचा व्यापारी बँकेच्या नोंदीत भारताबाहेरचा आहे. वर्षाताईंना त्या दिवशी ओटीपी आलाच नव्हता. त्यांना ती सोय वाटली होती.

## अडचण

एप्रिलच्या अखेरीस दोघींची आई घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. प्रवास रद्द करण्यावाचून पर्याय नव्हता. मोफत रद्द करण्याची मुदत अजून शिल्लक होती. दोघींनी एकाच दिवशी बुकिंग रद्द केलं आणि दोघींनाही साइटकडून पूर्ण रक्कम परत केली जाईल असा मेल आला.

साधारण दहा दिवसांनी पैसे जमा झाले. वर्षाताईंना ९४,८०० रुपये, मृणालला ८९,२००.

मृणालने भरले होते ९५,८००, परत आले ८९,२००. साडेसहा हजारांचा फरक. ताईला ९४,८०० मिळाल्याचं कळल्यावर तिची खात्रीच झाली की हॉटेलने तिच्याकडून रद्द करण्याचे पैसे कापले आणि ताईकडून कापले नाहीत. आईच्या आजारपणाच्या धावपळीत तिने साइटला तीन मेल केले. शेवटचा बराच कडक होता.

साइटने प्रत्येक वेळी एकच उत्तर दिलं: तुमचे १,००० युरो पूर्ण परत केले आहेत. मृणालला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं. खरं तर ते शब्दशः बरोबर होतं.

## पैसे गेले कुठे

मृणाल माझ्याकडे दोन्ही बिलं आणि साइटचे मेल घेऊन आली तेव्हा मी तिला आधी रुपये बाजूला ठेवायला सांगितले. ज्या चलनात रक्कम आकारली गेली, त्याच चलनात परतफेड मोजायची. अशा तक्रारीत सर्वांत आधी हेच करावं लागतं आणि नव्वद टक्के लोक नेमकं हेच करत नाहीत. गेले १,००० युरो, आले १,००० युरो. हॉटेल आणि साइट दोघांचा हिशेब इथे संपला. साडेसहा हजारांचा शोध आता फक्त युरो ते रुपये या वाटेवर घ्यायचा होता.

त्या वाटेवर दोन गळती सापडल्या.

पहिली मार्कअपची. खरेदीच्या वेळी लागलेले ३,८०० रुपये, जीएसटी धरून, परत आलेच नाहीत. बँकेच्या लेखी चलन बदलण्याची सेवा त्या दिवशी देऊन झाली होती, पुढे खोली रद्द झाली तरी ती सेवा रद्द होत नाही. कार्डाच्या अटींत हे लिहिलेलं असतं. काही बँका रिफंडच्या वेळी मार्कअप परत देतात. काही तर उलट रिफंडच्या रूपांतरावरही आपला वाटा काढतात, म्हणजे ग्राहकाला नेटवर्कच्या दरापेक्षा कमी रुपये मिळतात. मृणालच्या बँकेने रिफंडवर काही कापलं नव्हतं, पण आधीचं दिलंही नव्हतं.

दुसरी गळती दराची. रिफंड हा हिशेबाच्या भाषेत नवा व्यवहार असतो. जुनी नोंद पुसली जात नाही, उलट्या दिशेची नवी नोंद होते आणि तिला त्या दिवसाचा दर लागतो. मधल्या काळात युरो ९२ वरून ८९.२० वर आला होता. हजार युरोंवर २,८०० रुपये गेले. ३,८०० आणि २,८०० मिळून ६,६००. मृणालच्या बिलातल्या फरकाशी हा आकडा तंतोतंत जुळला.

यातली एक बारीक गोष्ट सांगायला हवी. दर लागतो तो रद्द करण्याच्या दिवसाचा नाही, रिफंड नेटवर्कमध्ये पोचून प्रक्रियेत येतो त्या दिवसाचा. मृणालने रद्द केलं त्या दिवशी युरो ९० च्या थोडा वर होता. आपण रद्द करू त्या दिवसाचा दर नेटवरून बघून ठेवला तरी प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम त्याहून वेगळी येऊ शकते, आणि तो दिवस ग्राहकाच्या हातात नसतो. शिवाय नेटवर्कचा परतफेडीचा दर खरेदीच्या दरापेक्षा किंचित वेगळाही असू शकतो.

वर्षाताईंकडे ही दुसरी गळती मुळात नव्हतीच. त्यांच्याकडून ९४,८०० रुपये घेतले गेले आणि ९४,८०० रुपये परत आले. साइटने दरात मुरवलेले तीन टक्केसुद्धा परत आले, कारण ते मूळ रकमेतच होते. त्यांचं नुकसान झालं ते फक्त बँकेच्या १,११९ रुपयांचं.

| | वर्षाताई (रुपयांत) | मृणाल (युरोत) |
|---|---|---|
| कार्डावर एकूण | ९५,९१९ | ९५,८०० |
| परत आले | ९४,८०० | ८९,२०० |
| नुकसान | १,११९ | ६,६०० |

युरो वर गेला असता तर चित्र उलटं झालं असतं, हेही मी मृणालला दाखवलं. युरो ९५.८० ला पोचला असता तर तिचे सगळे पैसे वसूल झाले असते, ९८ ला गेला असता तर २,२०० रुपये नफाच झाला असता. म्हणजे युरोत भरून तिने नकळत युरोच्या भावावर पैज लावली होती, आणि ती पैज सुरुवातीलाच ३,८०० रुपये मागे होती.

## विचारात घेतलेले पर्याय

मृणालपुढे तीन वाटा होत्या.

पहिली म्हणजे बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार नोंदवणं, ज्याला बँकेत डिस्प्यूट म्हणतात. मला भेटण्याआधीच तिने ती नोंदवली होती, ‘पूर्ण परतफेड मिळाली नाही’ या कारणाखाली. बँकेने ६,६०० रुपये तात्पुरते जमाही केले. तिला वाटलं प्रश्न सुटला. पण तात्पुरता जमा म्हणजे निकाल नव्हे. साइटने १,००० युरो परत केल्याचा पुरावा दिला की ही तक्रार टिकणार नव्हती, कारण डिस्प्यूटमध्ये मूळ चलनातली रक्कम बघितली जाते. मी तिला सांगितलं की ते पैसे खर्च झाले असं समजू नकोस, ते परत काढले जातील.

दुसरी वाट म्हणजे बँकेला लेखी विनंती करणं की खोली वापरलीच नाही, कारण वैद्यकीय आहे, तर मार्कअप सवलत म्हणून परत द्यावा. हा हक्क नव्हे, विनंती आहे. जुना ग्राहक असेल आणि मागणी नेमकी असेल तर कधी कधी मान्य होते. दरातल्या २,८०० रुपयांबद्दल मात्र बँकेकडे मागायला काहीच नव्हतं.

तिसरी, इथेच थांबणं.

वर्षाताईंनी एक चौथी वाट सुचवली होती, की दोघींचं नुकसान निम्मं निम्मं वाटून घेऊ. मृणालने नाही म्हटलं. तिला पैशांपेक्षा हे जाणून घ्यायचं होतं की आपण नक्की कुठे चुकीचं बटण दाबलं.

## काय केलं

आधी साइटकडून रिफंडचा एआरएन मागवला. परतफेडीच्या व्यवहाराला मिळणारा हा लांबलचक क्रमांक असतो आणि त्यावरून बँक तो व्यवहार नेमका शोधू शकते. साइटच्या ग्राहक सेवेला ‘माझे पैसे कमी का आले’ विचारलं तर ठरावीक उत्तर येतं. ‘रिफंडचा एआरएन आणि प्रक्रियेची तारीख द्या’ म्हटलं तर दोन दिवसांत मिळते, निदान या प्रकरणात मिळाली.

मग त्या तारखेचा नेटवर्कचा दर त्यांच्याच संकेतस्थळावरच्या गणकयंत्रावर काढला. तिथे बँकेचं शुल्क भरायचा एक रकाना असतो, तो शून्य ठेवला. दर ८९.२० च्या आसपास आला, म्हणजे बँकेने रिफंडवर स्वतःचं काही कापलं नाही हे सिद्ध झालं. ही पडताळणी नेहमी करावी. दर जुळला नाही, तर फरक किती टक्के आहे ते बघायचं. तो कार्डाच्या मार्कअपच्या जवळपास असेल तर बँक परतफेडीवरही वाटा काढते आहे असं समजावं, आणि तिथे विचारायला जागा असते.

त्यानंतर मृणालने डिस्प्यूट स्वतःहून मागे घेतला आणि बँकेला एक छोटं पत्र लिहिलं. त्यात खरेदीची तारीख, रिफंडची तारीख, दोन्हीकडे १,००० युरो, एआरएन, लागलेला मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी, आईच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख आणि मार्कअप परत देण्याची विनंती, एवढंच. चिडचिड नाही, हॉटेलचा उल्लेखही नाही.

## परिणाम

डिस्प्यूटचे तात्पुरते जमा झालेले ६,६०० रुपये पुढच्या बिलात परत काढले गेले. मार्कअपची विनंती बँकेने नाकारली आणि उत्तरात कार्डाच्या अटींतलं कलम दाखवलं. मृणालचं नुकसान ६,६०० रुपयेच राहिलं. मिळाली ती फक्त एक गोष्ट: हॉटेलने फसवलं हा समज गेला, आणि साइटशी चाललेला पत्रव्यवहार थांबला.

## निर्णयाच्या जागा, पुन्हा पाहताना

पहिली जागा अर्थातच चलन निवडण्याची. ‘तिथल्याच चलनात पैसे द्या’ हा सल्ला दुकानात आणि रेस्टॉरंटमध्ये बहुतेक वेळा बरोबर असतो, कारण तिथे खरेदी झाली की विषय संपतो. तीन महिने आधी भरलेल्या आणि परत मिळू शकणाऱ्या बुकिंगला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे दोन हिशेब करावे लागतात: प्रवास झाला तर किती आणि रद्द झाला तर किती.

मृणालच्या कार्डावर युरो निवडण्याचा फायदा प्रवास झाला असता तरी फक्त ११९ रुपये होता. रद्द झाल्यास, दर अजिबात हलला नाही असं धरलं तरी, तिला वर्षाताईंपेक्षा जवळजवळ २,७०० रुपयांचा जास्त फटका बसणार होता. एवढ्याशा फायद्यासाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नव्हता. या कार्डाला, या बुकिंगला रुपयेच योग्य होते, आणि हे त्या दिवशीही काढता आलं असतं.

पण याचा अर्थ रुपये नेहमी बरे असा काढू नये. मृणालच्या नवऱ्याकडे दोन टक्के मार्कअपचं कार्ड होतं, जीएसटी धरून २.३६ टक्के पडणारं. ते वापरून युरोत भरलं असतं तर खर्च ९४,१७१ आला असता, वर्षाताईंपेक्षा सुमारे १,७५० रुपये कमी. रद्द झाल्यावर, दर न हलल्यास, २,१७१ रुपये गेले असते, म्हणजे वर्षाताईंपेक्षा हजारभर जास्त. प्रवास होण्याची शक्यता बरीच जास्त असेल तर हा सौदा युरोच्या बाजूने झुकतो. त्या कार्डावर पॉइंट मिळत नाहीत म्हणून मृणालने स्वतःचं कार्ड वापरलं होतं. साडेतीन आणि दोन टक्क्यांमधला फरक हजार युरोंवर सव्वासोळाशे रुपयांचा होता, आणि तिचे पॉइंट तेवढ्या मोलाचे नव्हते.

म्हणून मी लोकांना चलन निवडण्याआधी तीन आकडे एका कागदावर लिहायला सांगतो. आपल्या कार्डाचा मार्कअप जीएसटीसकट. साइटने रुपयांत दाखवलेली रक्कम भागिले युरोतली रक्कम, म्हणजे साइटचा दर, आणि तो नेटवर्कच्या दरापेक्षा किती टक्के वर आहे. आणि रुपयांतल्या परदेशी व्यवहारावर आपली बँक काही घेते का. हे शेवटचं बँकेच्या शुल्कपत्रकात डीसीसी म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन किंवा भारतीय चलनातले आंतरराष्ट्रीय व्यवहार अशा नावाखाली असतं. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी जागा आत्ता भरायचं की हॉटेलवर, ही. चाळीस युरोंची सूट बरोबर तोलायची तर तिच्यासमोर रद्द झाल्यास जाणारा मार्कअप ठेवायला हवा. मृणालच्या बाबतीत सूट ३,६८० रुपयांची आणि रद्द झाल्यास मार्कअपचं नुकसान ३,८०० रुपयांचं. दोन्ही साधारण सारखेच. मग रद्द होण्याची शक्यता निम्म्याहून कमी वाटत असेल तर आत्ता भरणं ठीक. घरात आजारी माणूस असेल, व्हिसा अजून हातात नसेल, तर हॉटेलवर भरणं ठीक. तिथे कार्ड फक्त हमी म्हणून घेतलं जातं. हॉटेलने काही रक्कम अडकवून ठेवली तरी ती सोडल्यावर चलन बदललं जात नाही, त्यामुळे मार्कअपही लागत नाही. फक्त बुकिंगच्या अटींत हॉटेल आधी पैसे घेऊ शकतं असं एखादं वाक्य आहे का ते नीट वाचावं. काही ठिकाणी ते मुक्कामाच्या काही दिवस आधीच घेतले जातात. आणि हॉटेलवर भरायचं ठरवलं तर युरो महागण्याची जोखीम आपली, हेही त्याच तराजूत घालायला हवं.

तिसरा पर्याय दोघींनी विचारातच घेतला नव्हता, तो म्हणजे युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड. त्यावर युरोत आकारणी झाली आणि युरोत परतफेड झाली तर मध्ये रुपये येतच नाहीत, १,००० चे १,००० परत दिसतात. मात्र पुढचा प्रवास नसेल तर ते युरो परत रुपयांत करताना बँकेचा खरेदीचा दर लागतो आणि तिथे थोडं नुकसान होतंच. शिवाय कार्डाची मुदत रिफंड येण्याआधी संपता कामा नये. पुन्हा बाहेर जाणार असणाऱ्या कुटुंबाला हा मार्ग मला बराच स्वच्छ वाटतो.

## वर्षभरानंतर

आई बरी झाल्यावर पुढच्या मे महिन्यात दोन्ही कुटुंबं व्हिएन्नाला गेली. या वेळी आईची तब्येत लक्षात घेऊन दोघींनी हॉटेलवर पैसे देण्याचा पर्याय घेतला, आणि मृणालने नवऱ्याचं दोन टक्केवालं कार्ड हमी म्हणून दिलं. तिच्या खोलीचं बिल ९८० युरो झालं.

निघताना काउंटरवरच्या मशीनने विचारलं, EUR की INR? रुपयांत रक्कम ९५,०६० दाखवत होतं, म्हणजे युरो ९७ रुपयांनी. त्या दिवशी नेटवर्कचा दर ९३ च्या आसपास होता. इथे खोली वापरून झाली होती, रिफंडचा प्रश्न नव्हता, म्हणून जुना सल्ला आता पूर्णपणे लागू होता. मृणालने EUR निवडलं. काउंटरवरच्या मुलीने रुपयांचं बटण दाबायला बोट पुढे केलं होतं, तिला तिने थांबवलं. ही निवड ग्राहकाचीच असते, कार्ड नेटवर्कच्या नियमांनुसार हॉटेलने ती परस्पर करायची नसते.

बिलात ९३,२९१ रुपये आले. रुपयांत दिले असते तर बँकेच्या एक टक्क्यासह ९६,१८२ झाले असते. आणि वर्षाताई? त्यांनी मशीनकडे न बघता पिन टाकला आणि पावती खिशात ठेवली. परत आल्यावर त्यांच्या बिलात ९६,००० च्या वर रक्कम दिसली, तेव्हा दोघींनी मला पुन्हा फोन केला. पावतीवर INR छापलेलं होतं. वर्षाताईंचं म्हणणं होतं की त्यांना कुणी विचारलंच नाही. विचारलं नसेल तर तक्रारीला जागा आहे, पण पावतीवर ‘मी चलनाची निवड स्वतः केली आहे’ अशा अर्थाचं वाक्य छापलेलं होतं आणि व्यवहार पिनने झाला होता. अशा वेळी तिथल्या तिथे, हॉटेल सोडण्याआधी, तो व्यवहार रद्द करून युरोत पुन्हा करायला सांगणं हाच खात्रीचा उपाय असतो. त्याच दिवशी रद्द केलेला व्यवहार सहसा बिलापर्यंत पोचत नाही. घरी आल्यावर हॉटेलकडून रिफंड घेऊन पुन्हा आकारणी करायची म्हटली तर दोन व्यवहार होतात आणि बँकेचं शुल्क पुन्हा लागू शकतं. वर्षाताईंनी तक्रार न करायचं ठरवलं.